मांडवाचं कोटेशन: ‘रोजचे’ म्हणजे नक्की किती दिवसांचे?

प्रश्न: घरासमोरच्या मोकळ्या जागेत पुतणीचं लग्न आहे. १८ तारखेला सकाळी मांडवडहाळे, रात्री हळद. १९ ला गोरज मुहूर्तावर लग्न. पाहुणे ६०० च्या आसपास. मांडववाल्याने कागदावर एवढंच लिहून दिलंय: मंडप ४५ बाय ९० फूट, रोजचे २७,०००, खुर्ची ५०० नग, रोज १० रुपये, स्टेज आणि कमान सजावट ३५,०००, जास्तीचं लायटिंग पॉइंटला २५०, जनरेटर वेगळा. १७ ला मांडव उभा करतो, २० ला उतरवतो म्हणाला. एकूण किती धरू? आणि बोलणी नेमकी कशावर करू?

उत्तर: हे काम साधारण १,१६,००० रुपयांत बसायला हवं. जीएसटीचं पक्कं बिल असेल तर १,३६,००० धरा. पण तुमच्या हातातला कागद आहे तसा मान्य केलात, तर नुसता मंडप आणि खुर्च्या मिळूनच १,२८,००० होऊ शकतात, आणि मांडववाला कागदाबाहेरचं काहीही मागत नसेल. दर वाजवी आहेत. अडचण आहे ती ‘रोज’ या शब्दात. म्हणून २७,००० चे २५,००० करून घेण्यात जोर घालवू नका. मोजणी कुठून सुरू होते आणि कुठे संपते, ते आधी ठरवा.

मांडव १७ ला उभा राहणार आणि २० ला उतरणार. दिनदर्शिकेतले दिवस मोजले तर ते चार होतात, म्हणजे २७,००० गुणिले ४, १,०८,००० रुपये. कार्यक्रमाचे दिवस मोजले तर हळद आणि लग्न असे दोनच, ५४,०००. तिसरी रीत म्हणजे पहिला दिवस पूर्ण दराने आणि पुढचा प्रत्येक दिवस निम्म्या दराने, तिच्याप्रमाणे ४०,५००. तिन्ही हिशेब त्याच कागदावरून निघतात. बोलताना प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ धरून चालतो आणि खटका उडतो तो २० तारखेला, पाहुणे गेल्यावर.

तिसरी रीत रास्त का, ते समजलं की बोलणं सोपं जातं. मांडववाल्याचा खरा खर्च मांडव उभा असताना होत नाही, तो उभा करताना आणि उतरवताना होतो. पाइप, कापड, स्टेजच्या फळ्या, खुर्च्या हे सगळं गोदामातून गाडीत भरणं, जागेवर उतरवणं, आठ-दहा माणसांचा एक दिवस बांधण्यात, अर्धा दिवस सोडण्यात, परत गाडी, परत गोदाम. हा खर्च मांडव एक दिवस राहिला काय किंवा तीन दिवस, तेवढाच असतो. दुसऱ्या दिवशी कापड नुसतं उन्हात उभं असतं. त्या दिवसाचं भाडं म्हणजे फक्त सामान अडकून पडल्याची भरपाई. म्हणून कोटेशन मागताना ‘रोजचे किती’ असं विचारूच नका. ‘पहिल्या दिवसाचे किती आणि वाढीव दिवसाचे किती’ असे दोन आकडे मागा. बांधण्याचा आणि सोडण्याचा दिवस पहिल्या दिवसाच्या दरात धरलेला आहे, हे लिहून घ्या.

याला एक अपवाद आहे. तुळशीचं लग्न झाल्यावर किंवा वैशाखात लागोपाठ मुहूर्त असतात. तुमच्या १८-१९ च्या पुढे २० लाही दाट मुहूर्त असेल, तर अडकलेलं सामान म्हणजे त्याचं दुसरं काम गेलेलं असतं. अशा तारखांना तो दुसऱ्या दिवसालाही पूर्ण दर मागेल आणि त्यात तो चूक नाही. तेव्हा उलट बाजूने बोला: १९ च्या रात्री जेवणं आटोपल्यावर लगेच सामान उचललं तरी चालेल, असं सांगा. त्याला २० चा दिवस मोकळा मिळतो आणि तुमचा निम्मा दर टिकतो. मात्र रात्री मांडव सोडायचा तर उजेड लागतो, तो त्याने त्याच्या खर्चाने ठेवायचा. आणि तो स्वतःच २१ ला उगवला, तर जास्तीचा दिवस तुमच्या माथी लागणार नाही, हेही एका ओळीत लिहा. हंगामात माणसं दुसऱ्या कामावर गुंतल्यामुळे उतरवणं लांबतं आणि हा दिवस हमखास बिलात दिसतो.

दिवसाची सुरुवातही वेळेनिशी लिहा. मांडवडहाळे १८ ला सकाळी आहेत, म्हणजे मुख्य मांडव १७ च्या रात्री पूर्ण हवा. कमान, स्टेजची सजावट आणि फुलं मात्र १९ च्या दुपारपर्यंत आली तरी चालतं. ही विभागणी कागदावर आली की सजावटीला दोन दिवसांचं भाडं लावण्याचा प्रश्न उरत नाही. ताजी फुलं तशीही एकाच दिवसाची. स्टेज-कमानीचे ३५,००० हे एकरकमी आहेत की रोजचे, हा एक प्रश्न मात्र नक्की विचारा. हळदीला त्याच स्टेजवर नुसता पिवळा पडदा आणि झेंडूच्या माळा हव्या असतील, तर त्या याच रकमेत करून मागा. सजावटीत मापाशिवाय फोटो दाखवण्याची पद्धत आहे. तो फोटो ४० फुटी स्टेजचा असतो आणि तुमचं स्टेज निघतं २४ फुटांचं. फोटोच्या पाठीवर रुंदी, उंची, खरी फुलं कुठे आणि कापडी फुलं कुठे एवढं लिहून सही घ्या.

आता मापाकडे. ४५ बाय ९० हे माप कुठून आलं ते पाहा. मांडव गाळ्यांनी मोजला जातो. चार खांबांमधली जागा म्हणजे एक गाळा, आणि त्याचं माप प्रत्येकाच्या पाइपांप्रमाणे वेगळं असतं. इथे १५ बाय १५ चा गाळा दिसतो: रुंदीला ३, लांबीला ६, एकूण १८ गाळे, गाळ्याला १,५०० रुपये. तुमची जागा ४० बाय ८५ असती तरी बिल १८ गाळ्यांचंच झालं असतं, कारण अर्धवट गाळाही पूर्ण धरतात. म्हणून स्वतः टेप लावून जागा मोजा. एक गाळा कमी करून वऱ्हाडाच्या बाजूला मोकळं अंगण ठेवता येत असेल, तर तिथे सरळ पैसे वाचतात.

गाळ्याच्या दरात काय येतं, हे कागदावर नाही. साधारणपणे पाइप, वरचं कापड, आतलं अस्तर आणि झालर येते. बाजूची कनात आणि खालची मॅटिंग बहुतेक वेळा वेगळी लावतात. तुमच्या मांडवाचा घेर २७० फूट आहे. समोरची ४५ फुटांची बाजू उघडी ठेवली तर कनात २२५ फूट लागेल. फुटाला १५ रुपये धरले तर ३,३७५. मॅटिंग पूर्ण मांडवाला लागत नाही, स्टेजखाली आणि कडेला ती दिसतही नाही. बसण्याची ३,००० चौरस फूट जागा धरली आणि चौरस फुटाला ३ रुपये लावले, तर ९,०००. हे दोन दर मी हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्याकडचे आकडे त्या जागी घाला. दोन्हींना ‘रोज’ लावू देऊ नका. एकदा अंथरलेली मॅटिंग दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणी अंथरत नाही.

जमीन कसली आहे तेही सांगून ठेवा. मातीत खड्डा करून खांब रोवता येतो. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल, तर खांबाखाली लोखंडी पत्रा आणि वर वाळूच्या गोणी किंवा पाण्याचे ड्रम लागतात. त्याचे पैसे आणि त्याचा वेळ आदल्या दिवशी आयत्या वेळी निघतो.

लग्न उन्हाळ्यात असेल तर वळवाचा विचार केल्याशिवाय सपाट छताचा मांडव घेऊ नका. साधं कापड सर झेलत नाही. त्यावर ताडपत्री टाकली आणि उतार नसला, तर पाणी मध्ये साचून पोट सुटतं. १५ बाय १५ च्या एका गाळ्यावर एक इंच पाणी साचलं, तर ते ५०० लिटरहून अधिक भरतं, म्हणजे अर्ध्या टनाचं ओझं चार खांबांच्या मध्ये लोंबतं. पाइप वाकतो तो याने. पावसाची शक्यता असेल तर मधली रांग उंच ठेवून दोन्हीकडे उतार असलेला मांडव मागा, आणि ताडपत्रीचा दर आत्ताच ठरवा. ढग जमल्यावर ताडपत्रीचा भाव करता येत नाही.

खुर्च्यांचं गणित सगळ्यांना सोपं वाटतं, म्हणून त्यावर कोणी थांबत नाही. ५०० खुर्च्या गुणिले १०, रोजचे ५,०००. चार दिवस धरले तर २०,०००. पण आधी पाहा, ५०० खुर्च्या या मांडवात मावतात का.

प्लॅस्टिकच्या खुर्चीला रुंदीत पावणेदोन-दोन फूट लागतात, आणि मागच्या माणसाचे पाय मावायला ओळीमागे ओळ तीन फुटांवर ठेवावी लागते. म्हणजे खुर्चीला सव्वापाच ते सहा चौरस फूट. मधली वाट आणि कडेच्या वाटा धरल्या की सात पडतात. मांडव ४,०५० चौरस फुटांचा. त्यातून १२ बाय २४ चं स्टेज, स्टेजसमोर फोटोवाल्यांना आणि अक्षता टाकणाऱ्यांना सोडलेली दहा फुटांची पट्टी, आणि एका कडेची वाजंत्री व आहेराच्या टेबलाची जागा काढली, की बसायला ३,००० च्या आसपास उरतात. सातने भागले की ४३० खुर्च्या. उरलेल्या ७० एक तर थप्पी लावून कोपऱ्यात उभ्या राहतात, नाहीतर वाटेत मांडल्या जाऊन वधू-वरांना चालायला जागा ठेवत नाहीत. भाडं मात्र दोन्ही वेळा पूर्ण लागतं.

६०० पाहुण्यांना ४३० खुर्च्या कमी पडतील, ही भीती गोरज मुहूर्ताला फारशी खरी ठरत नाही. संध्याकाळच्या लग्नात लोक येत-जात असतात, एक भाग जेवणाच्या बाजूला असतो, तरुण मंडळी आणि मुलं मागे उभी असतात. मात्र जेवणाची खुर्ची वेगळी मोजा. टेबल-खुर्चीवर पंगत असेल आणि केटरर खुर्च्या आणणार नसेल, तर एका पंगतीला बसतील तेवढ्या खुर्च्या जास्तीच्या लागतील. मांडवातल्या खुर्च्या उचलून पंगतीला न्यायच्या असं ठरलं, तर ती ने-आण कोण करणार हे लिहा. खुर्चीच्या दरात पहिली मांडणी धरलेली असते, दुसरी नाही. ऐन वेळी घरचे पोरगे खुर्च्या वाहताना दिसतात ते यामुळे.

हळदीच्या रात्री घरचीच माणसं असतात, १५० खुर्च्या पुरतात. पण गाडी एकदाच येते म्हणून सगळ्या ४३० त्याच दिवशी उतरतात आणि दोन दिवसांचं भाडं लागतं. यावर दोन उपाय आहेत. एक, १५० च मोकळ्या करायच्या आणि बाकीच्या २८० थप्पी लावून दोरीने बांधून ठेवायच्या. बांधलेल्यांचं भाडं फक्त १९ चं. हे चांगला माणूस मान्य करतो, कारण त्याला त्या आणाव्या लागणारच होत्या. दोन, त्या १९ च्या सकाळी दुसऱ्या खेपेने आणायच्या. खेपेचे १,५०० धरले, तर २८० खुर्च्यांचे एका दिवसाचे २,८०० वाचवायला १,५०० खर्च होतात. फायदा आहे, पण लहान. गोदाम लांब असेल तर तोही उरत नाही. म्हणून आधी पहिला उपाय मागा आणि तो नाकारला तरच खेप धरा. मी हिशेबात सुरक्षित बाजूने खेप धरली आहे: हळदीला १५० खुर्च्यांचे १,५००, लग्नाला ४३० चे ४,३००, खेप १,५००, मिळून ७,३००. पुढच्या १०० खुर्च्यांना कव्हर हवं असेल तर नगाला १० प्रमाणे आणखी १,०००. सगळ्या खुर्च्यांना कव्हर घालण्यात मला अर्थ दिसत नाही. तिसऱ्या ओळीनंतर ते कोणाला दिसत नाही, आणि कव्हरवर हळदीचा किंवा भाजीचा डाग पडला की धुलाईचे पैसे वेगळे निघतात.

आता लायटिंग. इथे ‘जास्तीचं’ हा शब्दच धोक्याचा आहे, कारण मुळात किती येणार हे लिहिलेलं नाही. जिथे शून्य लिहिलं आहे तिथे पहिला दिवादेखील जास्तीचा ठरतो. आधी लिहून घ्या: गाळ्याला एक एलईडी ट्यूब, म्हणजे १८ ट्यूब, आणि मोठे उभे पंखे १२, हे मंडपाच्या दरात. त्यापुढचा प्रत्येक पॉइंट २५० रुपये, एका रात्रीचा.

हे पॉइंट शोभेपायी वाढतात असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते विसरलेल्या जागांपायी वाढतात. रात्री आठ वाजता आचारी ओरडतो की कढईत काही दिसत नाही. मग भांडी घासायची जागा, पाण्याचा टँकर, संडासाकडची वाट, गाड्या लावायचं शेत, जानवसघर ते मांडव हा रस्ता अशी एकेक मागणी निघते, आणि त्या वेळचा दर आणि वायरचा खर्च तो म्हणेल तो. म्हणून लग्नाच्या आधी एका संध्याकाळी साडेसातला वायरमनला घेऊन सगळ्या जागेवर एक फेरी मारा आणि जिथे पाय अडखळतो तिथे खडूने खूण करा. तुमच्या वर्णनावरून मला लग्नाच्या रात्री १४ पॉइंट दिसतात: स्टेजवर ५, जेवणाच्या जागी ३, स्वयंपाकाला २, कमानीवर १, पार्किंगला २, संडासाच्या वाटेवर १. हळदीला त्यातले ६ पुरतात. असे २० पॉइंट गुणिले २५०, ५,००० रुपये. घरावरच्या आणि झाडावरच्या माळांचे दोन्ही रात्रींचे मिळून ३,००० एकरकमी धरा. माळा फुटावर मोजायला लावू नका. अंधारात उंचावर चढवलेल्या माळेचे फूट कोणी मोजत नाही.

यापेक्षा मोठा खर्च दिव्यांच्या मागे आहे, जनरेटरमध्ये. आणि तो किती मोठा लागेल हे तुम्ही कोणते दिवे घेता त्यावर ठरतं. हे १४ पॉइंट पूर्वीसारखे ५०० वॅटचे हॅलोजन असतील, तर फक्त तेच ७,००० वॅट खातात. तेवढाच उजेड देणारे १०० वॅटचे एलईडी फोकस घेतले तर १,४०० वॅट. उरलेला भार दोन्हीकडे सारखाच: ट्यूब ३६०, बारा पंखे सुमारे १,८००, साउंड २,०००, स्वयंपाकाची यंत्रं १,५००, माळा ५००, मिळून ६,१६०. म्हणजे हॅलोजनने १३.२ किलोवॅट, एलईडीने ७.६. जनरेटर केव्हीएमध्ये मोजतात आणि केव्हीएच्या ०.८ पट किलोवॅट मिळतात. मोटर सुरू होतानाचा झटका सोसायला थोडी जागा ठेवली, तर हॅलोजनला २५ केव्हीए लागतो, एलईडीला १५ पुरतो. हॅलोजनच्या भारावर तासाला चार लिटर डिझेल सहज जातं, एलईडीच्या भारावर तीन धरा. पॉइंटचा दर तोच २५० असला तरी हॅलोजन घेणाऱ्याला तो महागात पडतो, म्हणून कागदावर पॉइंटसमोर दिव्याचा प्रकार आणि वॅट लिहा.

जनरेटरचं भाडं डिझेलसह आहे की डिझेल सोडून, किती तासांचं आहे, आणि तास कधीपासून मोजायचे, हे तीन प्रश्न. काही जण गाडी दारात उभी राहिल्यापासून मोजतात. इंजिन चालू झाल्यापासून मोजायचं असं ठरवा आणि यंत्रावरच्या तासांच्या मीटरचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी काढा. डिझेल स्वतः भरा. दोन रात्री मिळून १४ तास, तासाला ३ लिटर, ४२ लिटर. ९० रुपये भाव धरला तर ३,७८०. भाडं रात्रीचं ४,००० धरलं तर ८,०००.

घराच्या मीटरवर हे सगळं चालवू असं कोणी म्हटलं, तर हिशेब करून दाखवा. ७.६ किलोवॅट म्हणजे एका फेजवर ३३ अँपिअर. घरची जोडणी दोन-तीन किलोवॅटची असते. कटआउट जळतो तो बरोबर मुहूर्ताच्या आसपास, कारण सगळं एकदम चालू असतं. लाइटवरच चालवायचं असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या आणि अर्ज वेळेत करा, आदल्या दिवशी ती मिळत नाही. खांबावर आकडा टाकण्याचा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती वीजचोरी आहे आणि कार्य तुमचं असल्याने ती तुमच्यावरही येऊ शकते.

एक बारीक गोष्ट, पण मुहूर्त अंधारात जाण्याचं हे मोठं कारण आहे. स्टेजवर उंचावरून पांढरा झोत टाकणारे जुने मेटल हॅलाइड लाइट असतील, तर वीज क्षणभर गेली तरी ते विझतात, आणि दिवा थंड होऊन पुन्हा पेटायला पाच-दहा मिनिटं घेतात. लाइट गेली, जनरेटर दहा सेकंदांत सुरू झाला, तरी स्टेज काळोखातच. म्हणून स्टेजचे दिवे एलईडी मागा, आणि मुहूर्ताच्या अर्धा तास आधीपासून स्टेज आणि साउंड थेट जनरेटरवर चालवा. आधी लाइटवर आणि गेली तर जनरेटरवर, ही अदलाबदल त्या अर्ध्या तासात नको.

आणि पैशाचा विषय नसला तरी हे बिलाच्याच कागदावर असू द्या: सगळा मांडव लोखंडी पाइपांचा आहे. आवरण सोललेली वायर एका खांबाला टेकली की सगळ्या खांबांत करंट उतरतो. मांडवाच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय करंट सोडू नका. तो चालतो का, हे त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहिलं की कळतं; दाबताच सगळं बंद झालं पाहिजे. वायरचे सांधे जमिनीवर नकोत, विशेषतः हात धुण्याच्या जागेजवळ.

आता बेरीज. मंडप पहिल्या दिवसाचे २७,००० आणि वाढीव दिवसाचे १३,५००, मिळून ४०,५००. कनात आणि मॅटिंग १२,३७५. खुर्च्या, खेप आणि कव्हर ८,३००. सजावट ३५,०००. पॉइंट आणि माळा ८,०००. जनरेटर ८,०००, डिझेल ३,७८०. एकूण १,१५,९५५. मांडववाला नोंदणीकृत असेल तर डिझेल सोडून उरलेल्या १,१२,१७५ वर १८ टक्के जीएसटी लागतो, सुमारे २०,१९०, आणि आकडा १,३६,००० च्या थोडा वर जातो. त्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर त्याला हा कर लावताच येत नाही. ‘टॅक्स वेगळा’ असं तोंडी म्हणाला तर क्रमांक विचारा. वर म्हटलेले १,२८,००० कुठले, तेही आता दिसेल: चार दिवसांच्या मंडपाचे १,०८,००० आणि ५०० खुर्च्यांचे २०,०००. त्याच दोन गोष्टी नीट लिहून घेतल्या की कव्हर सोडून ४७,८०० वर येतात. ८०,२०० रुपयांचा फरक, दर एक रुपयाही न उतरवता.

कागदावर उतरवायचा मजकूर साधा असू द्या: ‘मंडप १५ बाय १५ चे १८ गाळे, छत, अस्तर, झालर, १८ ट्यूब, १२ पंखे यांसह. १७ च्या रात्री ९ पर्यंत उभा. १८ चा दर २७,०००, १९ चा १३,५००. बांधणे, सोडणे, हमाली व वाहतूक यातच. २० च्या संध्याकाळपर्यंत सामान न उचलल्यास पुढील दिवसाचे भाडे नाही. खुर्च्या १८ ला १५० व १९ ला ४३०, मोजून घेणे, मोजून देणे.’ इसार जितका मागेल तितका देऊ नका. पाव ते एक तृतीयांश पुरे. एक हिस्सा मांडव उभा राहिल्यावर, आणि निदान दहावा भाग सामानाची मोजणी झाल्यावर.

ती मोजणी मात्र नेमून दिलेल्या एकाच माणसाकडे असावी. खुर्च्या उतरताना २०-२० च्या थप्प्या लावून मोजा, तडकलेल्या आणि पाय मोडलेल्या त्याच वेळी बाजूला काढून त्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहा, दोघांच्या सह्या. नाहीतर आधीच मोडलेली खुर्ची तुमच्या लग्नात मोडली म्हणून नव्या खुर्चीच्या भावाने लागते. लग्नाच्या रात्री खुर्च्या शेजारच्या ओट्यावर, जानवसघरात, पारावर पांगतात. २० च्या सकाळी गाडी यायच्या आत एकदा गल्लीत फिरून त्या गोळा करा, मग थप्पी लावा.